तिन्ही उत्तरं दोन

शॉर्टकट हे नाव त्याला वर्गानेच ठेवलं होतं. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात लिमिटची तीन उदाहरणं होती आणि त्याने तिन्हीकडे एकच नियम लावला होता: वरच्याचं विकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, खालच्याचं विकलन, मग किंमत घाला. तो ज्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो त्या नावाचा अपभ्रंश करून पोरं त्या नियमाला हॉस्पिटल म्हणत. वर-खाली दोन्हीकडे शून्य आलं, किंवा दोन्ही अनंताकडे गेले, तरच तिथे जायचं असतं. शॉर्टकटने धडधाकट उदाहरणंही भरती करून टाकली होती.

पेपर तपासणाऱ्या मॅडमनी पहिल्याला पूर्ण गुण दिले. तिथे खरोखरच शून्य भागिले शून्य होतं. उरलेल्या दोन्हींना भोपळा. शॉर्टकट तडक विभागप्रमुखांकडे गेला. दुसऱ्याचं उत्तर पुस्तकातही दोनच आहे, असं त्याचं म्हणणं.

निकालाची टक्केवारी घसरल्याने प्रमुख आधीच बेजार होते. त्यांनी समिती नेमली. समितीने चहा घेतला आणि ठरवलं की दुसऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. तिसऱ्याचं खरं उत्तर एक, मुलाचं दोन. फरक फार नाही, म्हणून निम्मे. मॅडमनी विचारलं, की उत्तर तीन आलं असतं तर पाव दिले असते का? प्रमुखांनी हा मुद्दा पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला.

मॅडमनी शॉर्टकटला फळ्यापाशी बोलावलं. दुसरं उदाहरण लिहिलं: एक्स वर्ग अधिक तीन, भागिले एक्स अधिक एक. एक्स जातोय एककडे.

"नुसता एक घाल."

"चार भागिले दोन. दोनच की, मॅडम."

त्यांनी तीन पुसून तिथे एक लिहिला. हे तिसरं उदाहरण. त्याने पुन्हा एक घातला. दोन भागिले दोन. म्हणजे एक. मग आपल्या पद्धतीने करून पाहिलं. उत्तर पुन्हा दोन. त्याने त्या जागी शंभर ठेवला, तरी दोन.

"हा आकडा काहीही असला तरी विकलनात उडूनच जातोय," तो हळूच म्हणाला. "म्हणजे दुसऱ्यातलं दोन माझं नव्हतंच. योगायोगाने जुळलं."

मॅडमनी मान डोलावली. तो परत प्रमुखांकडे गेला आणि वाढलेले गुण काढून घ्या म्हणाला.

प्रमुखांनी चष्मा काढला. फेरतपासणीत गुण कमी करायची तरतूद नाही, असं त्यांनी त्याला समजावलं. शिवाय निकाल वर गेला होता.

"पण सर, ते चूक आहे."

"चूक तुझी होती," प्रमुख म्हणाले. "आता ती समितीची आहे. तू नको काळजी करूस."

मॅडम मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या आणि फळ्यावर तीच तिन्ही उदाहरणं लिहिली. शॉर्टकट पहिल्या बाकावर बसला होता. त्याने प्रत्येकात आधी एक घालून पाहिला.