दांड्याची गाडी

शोरूमच्या विक्रेत्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दार उघडून आत डोकं घातलं आणि विचारलं, "काका, हा दांडा कसला?"

"हातानं चालवायचा," मिस्त्री म्हणाला. "पुढं ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. बायकोचे पाय चालत नव्हते."

"आणि शेजारच्या सीटपुढचं मॅट एवढं कसं झिजलंय?"

मिस्त्रीने वाकून मॅट सरळ केलं. बायको गाडी चालवायची तेव्हा तो शेजारी बसून जमिनीवर पाय दाबत राहायचा. ती हसायची. "अहो, ब्रेक माझ्या हातात आहे. तुम्ही कशाला गाडीला भोक पाडताय?"

मिस्त्री शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याने सगळ्या मशिनींचं काम त्याला दिलं होतं. सोमवारपासून बिघडलेल्या मशिनी घरी न्यायच्या आणि दुरुस्त करून परत पोचवायच्या. या छोट्या गाडीत एक मशीन बसली की माणूस बाहेर. म्हणून व्हॅन हवी होती. बँकेने बहुतेक रकमेचं कर्ज मंजूर केलं होतं. उरलेले पैसे या गाडीतून काढायचे होते.

विक्रेत्याने आकडा सांगितला. जुनी गाडी व्हॅनच्या बदल्यात दिली तर एक लाख पंच्याण्णव हजार. "दांडा काढून आणलात तर दोन लाख दहा. हे असलं कोण घेणार, काका? आरटीओतल्या नोंदीचं आम्ही बघतो. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत हा भाव. व्हॅन एकच शिल्लक आहे, रांगेत दुसरा माणूस उभा आहे."

घरी येऊन मिस्त्रीने पाने काढले आणि दांडा सोडवला. बोल्ट डब्यात टाकले, दांडा जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळला. पंधरा हजार मिळणार म्हणून बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

शनिवारी सकाळी एका बाईंचा फोन आला. बाई शाळेत शिकवायच्या. गाडीच्या जाहिरातीतला फोटो पाहिला म्हणाल्या. ती जाहिरात मेहुणीने बऱ्याच दिवसांपूर्वी टाकली होती आणि मिस्त्री विसरूनही गेला होता.

"मला अशीच गाडी हवीय. कधीची शोधतेय. दोन लाख वीस देईन. दांडा आहे ना?"

"आहे," मिस्त्री म्हणाला.

मेहुणी स्वयंपाकघरात त्याचा डबा भरत होती. बहीण गेल्यापासून ती शनिवारी येऊन दोन दिवसांचं करून ठेवायची आणि बोलूनही घ्यायची.

"नको ही भानगड," तो म्हणाला. "दहा हजारांसाठी कोण अनोळखी माणसाच्या नादी लागतो? बाई आल्याच नाहीत तर? सात वाजले की शोरूमचा भावही गेला, व्हॅनही गेली. सोमवारी काय, मशिनी डोक्यावर घेऊन फिरू?"

"दहा हजार कुठून काढलेत?"

"तिकडं दोन दहा, इकडं दोन वीस."

मेहुणीने डबा खाली ठेवला. "भाऊजी, जुनी गाडी न देता व्हॅन घेतली तर ती केवढ्याला देतात, हे विचारलंत?"

"ते कशाला विचारू?"

"देवा! ताईचं बरोबर होतं, मशीनचं पोट उघडून बघाल पण माणसाला एक प्रश्न विचारणार नाही. लावा फोन."

त्याने फोन लावला. विक्रेता आधी म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप?" मग म्हणाला, साहेबांना विचारतो. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, जुनी गाडी दिली नाही तर व्हॅनवर पंचवीस हजार सूट आहे. जुनी गाडी दिली की ती सूट नाही.

"मेसेजमध्ये लिहून पाठवायला सांगा," मेहुणी कुजबुजली. तो मेसेज येईपर्यंत तिने त्याला फोन खाली ठेवू दिला नाही.

"आता बघा. ते तुमच्या गाडीचे दोन दहा देतात, पण व्हॅनवरचे पंचवीस हजार स्वतःकडे ठेवतात. म्हणजे खरे किती दिले?"

"एक पंच्याऐंशी."

"आणि बाई देतात दोन वीस. दहा नाही, पस्तीस हजारांचा फरक आहे. आता सांगा, भानगड करायची का?"

मिस्त्री उशीच्या खोळीकडे बघत बसला. "दांडा मी काढलाय," तो म्हणाला.

मेहुणीने खोळ उचलून त्याच्या हातात दिली.

दांडा परत बसवणं त्याच्यासाठी अवघड नव्हतं. पण शिलाई मशीनमध्ये चुकलं तर शिवण उसवते, इथे चुकलं तर माणूस जातो. ज्या फिटरने पहिल्यांदा दांडा बसवला होता त्याच्याकडे तो गाडी घेऊन गेला. बाईंनाही तिथेच बोलावलं. फिटरने डब्यातले बोल्ट बघितले आणि फेकून दिले.

"हे पुन्हा वापरायचे नसतात, मिस्त्री. दुसऱ्यानं असं केलं असतं तर तुम्ही शिव्या घातल्या असत्या."

नवे बोल्ट आणून, बसवून, तपासून होईपर्यंत दुपार कलली. बाई रिक्षातून उतरल्या तेव्हा फिटर हात पुसत होता. त्या कुबड्या टेकून भिंतीजवळ उभ्या राहिल्या.

"मी चालवून बघते."

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "आधी मी बघतो."

"तुम्हाला हातानं चालवता येते?" फिटरने विचारलं.

"नाही."

तो आत बसला. "पाय मागे घ्या, सीटला चिकटवा," फिटर ओरडला. मिस्त्रीने दांडा हळू ओढला. गाडी निघाली. वर्कशॉपचं आवार छोटं होतं, पुढे भिंत. भिंत जवळ आली. त्याचा पाय आपोआप पुढे गेला. त्याने तो मागे खेचला आणि दांडा ढकलला. गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. शर्ट पाठीला चिकटला. एवढी वर्षं ती हे रोज करायची, वर त्याच्याशी भांडत करायची.

मग बाईंनी चालवली आणि तो शेजारी बसला. त्या मोठ्या रस्त्यावरून सफाईने फिरवून परत आल्या.

"दोन वीस नक्की," त्या म्हणाल्या. "पण काका, तुम्ही सारखे पाय का आपटत होतात?"

गाडी नावावर करायच्या कागदांवर सह्या झाल्या. गाडी ताब्यात द्यायची तारीख-वेळ दोघांनी लिहून घेतली, कारण उद्या दंड कोणाच्या नावावर येईल हे आजच ठरलेलं बरं. बाईंनी पैसे दोन हप्त्यांत पाठवले. पहिले आले. दुसरे येईनात. बाईंच्या फोनवर नुसतं चक्र गोल गोल फिरत होतं. सहा वाजून गेले.

"पैसे माझ्याकडून गेलेत, बघा ना," बाई रडकुंडीला आल्या.

"तुम्ही खोटं बोलताय असं नाही म्हणत," मिस्त्री म्हणाला. किल्ली मात्र त्याने मुठीत घट्ट धरली होती.

विक्रेत्याचा फोन आला. "काका, येताय ना? दुसरं गिऱ्हाईक बसलंय. दोन दहा घ्या आणि मोकळे व्हा."

मिस्त्रीने एकदा बाईंकडे बघितलं. त्या फोन वर धरून रेंज शोधत होत्या. किल्ली त्याच्याच हातात होती. बाईंचे पैसे परत करून शोरूमला जाणं अजून जमलं असतं. दांडा फिटरने लगेच काढून दिला असता; दोन दहा तर दोन दहा, जिवाला घोर नाही.

"व्हॅन घेतो," तो म्हणाला. "जुनी गाडी देत नाही. सकाळी लिहून दिलेली सूट तेवढी धरा."

"पैसे?"

"घेऊन येतो."

त्याने फोन ठेवला. पैसे अजून आले नव्हते. फिटरने त्याला स्टूल दिलं. मग त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने रक्कम वाचली, पुन्हा वाचली, फिटरला वाचायला लावली.

किल्ली बाईंच्या हातात देताना तो म्हणाला, "शोरूमपर्यंत सोडाल का? सातला बंद होतं."

"बसा. पण पाय आवरा."

तो शेजारच्या सीटवर बसला. पहिल्या सिग्नलला बाईंनी दांडा ढकलला आणि मिस्त्रीने पाय दाबला. मॅटच्या भोकातून खालचा पत्रा लागला.

"हे मॅट मी बदलून देतो," तो म्हणाला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "माझा भाऊ शेजारी बसला की असंच करतो."