दुःख नाई, बाई

२००३ साली नागभीडजवळच्या एका गावात मी आरोग्यसेविका म्हणून नवीन होते. मला शिकवायला जुन्या समुपदेशक गोकुळाबाई सोबत असत. एका सकाळी आम्ही आशाबाईंकडे गेलो. त्यांचा नवरा लहान होडीतून तलावात मासे धरताना बुडाला, त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून त्या धड जेवत नव्हत्या, कोणाशी बोलतही नव्हत्या.

मी "धीर धरा" म्हणणार, तोच गोकुळाबाईंनी माझा हात दाबला.

शेवटी आशाबाईच म्हणाल्या, "डोंगा फुटका होता. जाऊ नका म्हटलं, तरी गेले."

"तुमी अडवलं, पण त्यायनं ऐकलं नाई," गोकुळाबाई हळूच म्हणाल्या.

"हव."

"त्याचं लय दुःख होते तुमाले."

"दुःख नाई, बाई."

"मंग मले नीट समजलं नाई. सांगा."

"सारे रडतेत, मले रडू येत नाई. फोटो पाह्यला का फोडावासा वाटते."

"म्हणजे त्यायचा राग येते. आन् गेलेल्या माणसाचा राग येते म्हणून सोताचीच लाज वाटते. असं हाय का?"

आशाबाईंनी मान वर केली. "हे मी कोणालेच सांगतलं नाई. तुमाले कसं कळलं?"

"तुमीच तं आता सांगतलं."

आशाबाई चार महिन्यांत पहिल्यांदा रडल्या. निघताना म्हणाल्या, "उद्या या, बाई."

रस्त्यावर आल्यावर मी ते सगळं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं. शब्द न् शब्द मीही ऐकला होता. तो राग मात्र मला ऐकूच आला नव्हता.