उशीवरून दिसणारा टीव्ही

आप्पांच्या खोलीत टीव्ही बसवायचं काम त्यांच्या थोरल्या मुलाने अंगावर घेतलं, आणि ते पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून पार पाडलं. खुर्चीतून चित्र झकास दिसे. आप्पा मात्र पलंगावर असत, एवढी बारीकशी बाब तेवढी राहून गेली.

अर्धांगाच्या झटक्यात आप्पांची उजवी बाजू गेली होती, आणि रिमोट उजवीकडच्या टेबलावर दिमाखात पडलेला असे. त्यामुळे दिवसभर भांडी विकणारी एकच वाहिनी चाले. आप्पांना आताशा भांड्यांची गोडी लागलीय, असं सगळे कौतुकाने सांगत. आवाजही मोठाच असे. आप्पांना कमी ऐकू येतं हे घराने एकमताने ठरवलं होतं. आप्पांचं मत घ्यायचं राहिलं होतं.

त्या सकाळी चादर बदलायला थोरल्याने आप्पांना चाकाच्या खुर्चीत बसवून दारापाशी नेलं. चादर घालून झाली तेव्हा आप्पा म्हणाले, "जरा आडवा हो तिथे."

थोरला आडवा झाला. मान उजवीकडे पिरगळली तेव्हा कुठे पडदा दिसला, आणि पडद्यात खिडकी दिसली, खिडकीत शेजाऱ्यांचे वाळणारे पायजमे. रिमोट घ्यायला डावा हात अंगावरून ताणला, तरी बोटं टेबलाच्या कडेलाच अडली.

तो उठून कामाला लागला. टीव्हीची फिरती दांडी ओढून पडदा पायथ्याशी, थेट उशीसमोर आणला, वरचा भाग थोडा पुढे झुकवला. पायजमे गेले. रिमोटला नाडी बांधून तो पलंगाच्या डाव्या कठड्याला अडकवला, हात न उचलता अंगठा पोचेल असा. मग पुन्हा आडवा होऊन त्याने आवाज एकेक पायरी उतरवला. कढईवाल्या बाईचा शब्द न् शब्द कळत होता, आणि आता स्वयंपाकघरही कळत होतं.

तिथे त्याची बायको आणि धाकटी बहीण ठरवत होत्या, की रविवारी आप्पांना बहिणीकडे हलवायचं. "त्यांना काय, टीव्ही असला की झालं," बहीण म्हणाली. काल याच बेताला थोरल्यानेही मान डोलावली होती.

त्याचा अंगठा आवाज वाढवायच्या बटणावर गेला.

"राहू दे तेवढाच," आप्पा म्हणाले.

"मोठा होता तेव्हाही ऐकू येत होतं?"

"जाहिरातींच्या मधे मधे."

थोरल्याने त्यांना उचलून पलंगावर ठेवलं, पाठीशी उशा लावल्या आणि दोघींना हाक मारली. चहाचं विचारायला बोलावलं असेल, अशा समजुतीने दोघी आल्या. आप्पांनी डाव्या अंगठ्याने कढईवाल्या बाईला गप्प केलं.

"रविवारचं काय ते मला सांगा."

बहीण खुर्चीत टेकली. मग तिने हळूहळू सगळं सांगितलं: वहिनीची कंबर, इथला जिना, तिच्या घरचं तळमजल्यावरचं मोठं न्हाणीघर. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"येईन की," ते म्हणाले. "विचारलं असतंत तर कालच हो म्हटलं असतं. फक्त तिथे टीव्ही लावताना कोणीतरी आधी पलंगावर झोपून बघा."