उलटी झांज

पहिलं कडवं संपून ध्रुवपद सुरू होतं तिथे गाणं फाटत होतं. कडव्यात नुसता आवाज आणि दोन तारा. ध्रुवपदात यंत्राचा ढोल, सहा थरांचे सूर, सगळं घर जागं व्हावं तसं. मध्ये काहीच नाही. झोपलेल्या माणसावर कुणी एकदम दिवा लावावा, तसं ते ध्रुवपद अंगावर यायचं.

अशा जागा सांधायचं काम सुईचं. सुई हे नाव तिला काकांनी ठेवलेलं. आई-वडिलांमागे तिला आणि तिच्या भावाला काकांनी वाढवलं. भावाला चाली दिल्या, हिला ताल दिला. सातव्या वर्षी ते हिला ड्रमच्या बाजूला स्टुलावर बसवून झांजेवर एकच टोला मारायचे आणि म्हणायचे, आता ती विझेपर्यंत श्वासदेखील ऐकू येता कामा नये. ही डोळे मिटून झांजेचा शेवटचा धूर कानांनी शोधायची. अजूनही कुणी सुई म्हटलं, की तिला ते स्टूलच आठवे आणि जीव सुपाएवढा होई.

आता काकांचं मनगट थरथरत होतं. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, गाण्याचा संगीतकार. त्याने सगळे ठोके यंत्रावर लावून घेतले. काकांसाठी जागा ठेवली ती चार मात्रांची. कडव्याच्या शेवटच्या आवर्तनात ड्रमच्या स्नेअरवरून मोठ्या टॉमपर्यंत उतरत येणारा एक फिल, म्हणजे ठोक्यांची छोटी लड. या गाण्यात काकांचं म्हणून एवढंच होतं. त्या चार मात्रांसाठी ते पंधरा दिवस उशीवर काठ्या चालवत होते, आणि गल्लीतल्या न्हाव्यापासून जुन्या वाद्यवृंदातल्या क्लॅरिनेटवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते.

रेकॉर्डिंग मंगळवारी झालं. फिल तिसऱ्या खेपेला लागला. शेवटचा ठोका केसभर मागे होता. दादाच्या कपाळावर आठी उमटली. त्याचं म्हणणं, ही जागा यंत्राने भरावी. सुई म्हणाली, चार दिवस दे, मी बसवते. मग काकांकडून एक मोठी झांज स्वतंत्र वाजवून घेतली; दादा आत त्यांच्याशेजारीच उभा होता. तिने काचेआडून हात केला, काकांनी टोला दिला, आणि त्याच क्षणी बाहेरच्या दाराची घंटा वाजली. झांज पूर्ण विझू द्यायची असल्याने यंत्र चालू ठेवून ती उठली. परत आली तेव्हा आत काका आणि दादा हसत होते. तिला बरं वाटलं. आदल्याच रात्री तिने काकांचे पाय धरले होते: पुढचं गाणं मला एकटीला करू द्यावं, असं दादाला तुम्ही सांगा, तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही.

शुक्रवारी दुपारी ती सांधा घेऊन बसली. शेवटच्या आवर्तनातून तारा काढल्या, म्हणजे फिलला पाय ठेवायला जागा झाली. दोन आवर्तनं आधीपासून पांढऱ्या नॉइजचा, म्हणजे नुसत्या सूंऽ आवाजाचा, झोत सोडला. फिल्टर आधी जवळजवळ बंद, मग हळूहळू उघडत जाणारा, दुरून वारा गल्लीत शिरावा तसा. त्यातला खालचा गुरगुराट कापला, नाहीतर टॉम बुडाले असते, आणि फिलच्या प्रत्येक ठोक्याला झोत किंचित खाली वाकेल अशी योजना केली. मागे पडलेला शेवटचा ठोका तिने सरकवला नाही. ध्रुवपदाच्या पहिल्या मात्रेवर पडण्याआधीचा तो क्षणभराचा अडखळा, उडी मारणाऱ्या माणसाने काठावर गुडघे वाकवावेत तसा होता. ध्रुवपद आता अंगावर येत नव्हतं. आपणच त्यात उतरत होतो.

राहिली झांज. तिने ती उलटी केली. विझत गेलेला नाद आता शून्यातून उगवून फुगत येणार, आणि जिथे मूळचा टोला होता ते टोक ध्रुवपदाच्या पहिल्या मात्रेला नेमकं टेकून तुटणार. टेकलं. पण फुगवट्याच्या अगदी सुरुवातीला, जिथे झांज जेमतेम होती, तिथे काही सळसळत होतं. बाहेरची गाडी असेल म्हणून तिने तेवढाच तुकडा वेगळा काढून आवाज चढवला. ते माणसाचं बोलणं होतं, पाठमोरं.

तिने तुकडा पुन्हा सुलटा केला.

काकांचा आवाज होता. काचेपलीकडची खुर्ची रिकामी दिसल्यावर यंत्र बंद असल्याचं त्यांनी गृहीत धरलं असावं. झांज विझत असताना, स्वतःचाच नियम मोडून, ते हलक्या आवाजात बोलत होते: "तिला स्वतंत्र गाणं देऊ नकोस. जोडकाम करून घे. शिकवलंय मी, म्हणून सांगतो. कान आहे, आत काही नाही." आणि मागोमाग दादाचं हसणं.

तिने ते अकरा वेळा ऐकलं. त्या आवाजात राग नव्हता, मत्सरही नव्हता. भाजी शिळी निघाली हे सांगावं, तितक्या साधेपणाने ते बोलले होते. रडू येईल म्हणून ती थांबून राहिली; आलं नाही. मग तिने उलटी झांज जागेवर ठेवली, सळसळ तशीच राहू दिली, आणि फिलच्या ट्रॅकवरचं म्यूटचं बटण दाबून तो गप्प केला. रिकाम्या आवर्तनावर झोत थोडा वर आणला, वाकणं काढून टाकलं. दहा मिनिटांचं काम.

शनिवारी सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून आले. दादा भिंतीला टेकून उभा राहिला. तिने गाणं लावलं. कडवं संपत आलं तसे काकांचे हात मांडीवरून उचलले गेले. आवर्तन सुरू होताच त्यांनी हवेत स्नेअर वाजवला, मग टॉम, मग मोठा टॉम. हात फिरत राहिले आणि त्यांच्याखाली नुसता वारा वाहत राहिला. झांज फुगली, तुटली, ध्रुवपद सुरू झालं. काकांचे हात शेवटच्या ठोक्यावर तसेच थांबलेले.

दादाने मान डोलावली. एकदम गुळगुळीत, म्हणाला, हेच ठेव.

"मी कुठे आहे यात?" काकांनी विचारलं.

"झांज तुमचीच आहे काका. उलटी लावलीय."

"आणि फिल?"

"हे जोडकाम आहे," सुई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "तुमच्या फिलला लय आहे. आत काही नाही."

 काकांची नजर काचेकडे गेली, आतल्या झांजेकडे, आणि तिच्या खुर्चीकडे परत आली. 

"तेव्हा झांज विझली नव्हती?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

दादाला काही उमगलं नाही. तो फोनवर कुणाला तरी गाणं झाल्याचं कळवत बाहेर गेला. काकांनी पुन्हा एकदा तेवढी जागा ऐकवायला सांगितली. तिने ऐकवली. ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते, स्टुलाजवळ उभे राहून ऐकायचे तसे.

"सांधा दिसत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण उडी गेली, सुई. आता ते नुसतं लिफ्टसारखं वर येतं."

खरं होतं. कालपासून तिला ते ठाऊक होतं, आणि हेही, की त्यांचा कान कधीच चुकत नाही. म्यूटचा छोटा लाल दिवा तिच्या बोटाखाली जळत होता. एकदा दाबायचा अवकाश, चार मात्रा परतल्या असत्या.

तिने बोट उचललं आणि गाणं अंतिम म्हणून जतन केलं. काका आपला सदरा नीट करत उठले. दाराशी जाईपर्यंत दोघांपैकी कुणीही श्वाससुद्धा ऐकू येऊ दिला नाही.