बघायचं भाडं

ड्रॉवरचा तळ दिसायला लागला की वहिनी नोटा दोनदा मोजू लागे. आज तो सकाळीच दिसायला लागला होता.

टपरी बस थांब्याला लागून होती. तीन बाजूंनी पत्रा, पुढे जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी. आत एक टेबल, एक फोन आणि मागच्या स्टुलावर सासूबाई. वहिनीला सगळा बाजार वहिनीच म्हणे, पाठीमागे मात्र 'पाकीटवाली'. मोबाइलच्या पाकिटातले पैसे ती रोख करून देई आणि रोख घेऊन पाकिटात भरून देई, म्हणून. सगळ्यात जवळची बँक नदीपलीकडच्या शहरात होती. तिथे जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडायची आणि भाडं वर.

आज खाणीतल्या बायकांचा पगार होता. आजवर हा पगार मुकादम रोख वाटायचा आणि वाटताना हात मारायचा. कधी हजेरीचे कापी, कधी हत्यारांचे. या वेळी प्रथमच खाणीच्या कंपनीने पगार थेट बायकांच्या फोनवर टाकला होता. खाणीच्या साहेबांनी वहिनीला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "रोख मिळाली तर हीच पद्धत. बोंब झाली तर पुन्हा मुकादम."

रोख घेऊन येणार होता तो शहरातला मोठा एजंट. वहिनीने फोनमधली शिल्लक त्याला पाठवायची, त्याने तेवढ्या नोटा मोटारसायकलवरून आणून द्यायच्या, असा त्यांचा नेहमीचा व्यवहार. त्याचाच फोन आला.

"वहिनी, पुलावर ट्रक आडवा झालाय. इकडची गाडी तिकडे जात नाही."

"कधी सुटेल?"

"क्रेन आली की. क्रेन पुलाच्या तिकडे आहे."

वहिनीने फोन ठेवला. बाहेर रांग बस थांब्याच्या खांबापर्यंत गेली होती.

"काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"येतोय."

"तुझा चेहरा तर तो गेला असं सांगतोय."

एकेक बाई खिडकीशी येई. आपल्या फोनवर 'पैसे काढा' निवडायचं, वहिनीचा एजंट नंबर टाकायचा, रक्कम टाकायची, मग पाठ वळवून पिन. बाईच्या खात्यातून पैसे वहिनीच्या खात्यात येत, दोघींच्या फोनवर मेसेज पडे आणि मगच वहिनी नोटा मोजून देई. मेसेज आपल्या फोनवर यायला हवा, हा तिचा नियम. समोरच्याच्या फोनवरचा मेसेज कोणीही बनवून दाखवू शकतं. असा एक बनवलेला मेसेज तिला सुरुवातीलाच महागात पडला होता.

दर मेसेजला तिच्या फोनमधला आकडा वाढत होता आणि ड्रॉवर रिकामा होत होता. फोन श्रीमंत, टेबल भिकारी.

इतर दिवशी हे आपोआप जुळे. बाजारातले दुकानदार संध्याकाळी दिवसभराची विक्री आणून तिच्याकडे भरत, कारण शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याला त्यांना फोनवरूनच पैसे पाठवायचे असत. त्यांची रोख दुसऱ्या दिवशी कोणाला तरी जाई. पण आज घेणारे सकाळी आले होते आणि भरणारे संध्याकाळी येणार होते. तेही विक्री झाली तर. आणि विक्री व्हायची तर आधी या बायकांच्या हातात नोटा पडायला हव्यात.

वहिनीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बायांनो, ऐका. आज बाजारात लागतील तेवढेच काढा. बाकीचे दुपारनंतर देते. गाडी पुलावर अडकलीय."

"दोनदा काढायचे म्हणजे दोनदा फी," रांगेतून एक तरुणी म्हणाली. "तुझं काय जातं?"

"दुसऱ्या वेळची फी मी देईन. माझ्या कमिशनमधून."

"देशील गं, देशील," सासूबाई मागून पुटपुटल्या. "घर चालायला मग मी खाणीत जाते."

दोघीतिघींनी मान डोलावली. तेवढ्यात पलीकडच्या चहाच्या टपरीवरून मुकादम उठला. कमरेला नेहमीची पिशवी होती. आज पगार वाटायचा नव्हता, तरी ती भरलेली होती.

"अगं, तिच्याकडे पैसेच नाहीत," तो रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "तुमचा पगार फोनच्या डबीत अडकला. मला काय, मी तुमच्या भल्याचं सांगतो. फोनवरचे शंभर माझ्या नंबरवर टाका, नव्वद रोख घ्या. आत्ता, इथे, हातात."

रांग हलली. पुढून नाही, मधूनच. दोन बाया सरळ त्याच्याकडे गेल्या. तिसरी अर्ध्या वाटेवर थांबून मागे बघत राहिली. ज्यांना भाजीपुरते काढायचे होते, त्याही आता म्हणायला लागल्या, "मला सगळे दे. सगळे."

वहिनीने ड्रॉवर जरासा ओढून पाहिला आणि पटकन लोटला. नोटा होत्या, पण फार तर एका बाईच्या पूर्ण पगाराएवढ्या आणि वर थोड्या.

पुढची होती मावशी. खाणीतली सगळ्यात जुनी कामकरीण. हातांना पडलेल्या भेगांत दगडाची भुकटी कायमची बसलेली. बाकीच्या बाया तिच्या तोंडाकडे बघून चालत, हे वहिनीला ठाऊक होतं. मुकादमालाही ठाऊक होतं, कारण तो बोलायचा थांबला.

"मला सगळे," मावशी म्हणाली.

"मावशी, थोडे आता..."

"सगळे. मला बघायचेत."

वहिनीने मागे पाहिलं. सासूबाईंनी एकदा ड्रॉवरकडे पाहिलं, एकदा रांगेकडे, आणि पदराने तोंड पुसलं.

नाही म्हटलं तर मुकादम खरा ठरणार. हो म्हटलं तर पुढच्या बाईला द्यायला जवळजवळ काहीच उरणार नाही, आणि मग तो खरा ठरणारच. फरक एवढाच, की हो म्हटलं तर मधे एक बाई हातात पैसे घेऊन उभी असेल.

"टाका नंबर," वहिनी म्हणाली.

मावशीने एकेक आकडा बोटाने शोधून दाबला. पाठ वळवून पिन टाकला. वहिनीचा फोन वाजला. तिने ड्रॉवर उघडला आणि नोटा सगळ्यांना दिसतील अशा, खिडकीच्या फळीवर मोजल्या. एकावर एक, घाई न करता. शेवटच्या नोटेचा कोपरा फाटका होता आणि त्यावर कोणीतरी निळ्या शाईने मिशा काढल्या होत्या. ती नोट तिने सकाळपासून लपवून ठेवली होती. आता तीही गेली.

मावशीने गठ्ठा हातात घेतला. परत मोजला. मग दोन्ही हातांनी धरून नुसती बघत राहिली.

"एवढे?" ती म्हणाली.

"तेवढेच. फी वजा."

"तो मेला इतकी वर्षं यातले किती खात होता गं?"

रांगेत कोणीतरी हसलं. मुकादमाने चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

मावशी तशीच उभी राहिली. पदराची गाठ मारू लागली, पण गठ्ठा गाठीत मावेना. तिने खाणीच्या पत्र्याच्या खोल्यांकडे पाहिलं. तिथे एका खोलीत आठ बाया झोपत आणि दाराला कडी नव्हती. मग ती पुन्हा खिडकीशी आली. थोड्या नोटा काढून घेतल्या आणि बाकीचा गठ्ठा आत सरकवला.

"हे ठेव परत."

"परत?"

"फोनमध्ये टाक. रात्री हे उशाला घेऊन मी झोपू का जागू? लेकीला पाठवायचेत ते फोनवरनंच जातील ना?"

"जातील की. तिच्या गावातल्या एजंटाकडून ती काढेल."

"मग झालं."

वहिनीने मावशीच्या नंबरवर रक्कम भरली. भरायला फी नसते. मेसेज आला तसा मावशीने तो शेजारणीला वाचायला दिला, खात्री केली आणि फोन चोळीत खोचला.

"आणि काढायची फी गेली ती?" शेजारीण म्हणाली.

"गेली. बघायचं भाडं समज."

एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. मुकादमाकडे आणखी तिघी गेल्याच. पण बाकीची रांग जागेवर राहिली. बायका बाजारापुरते काढू लागल्या आणि मावशीचाच गठ्ठा तुकड्यातुकड्यांनी बाहेर जाऊ लागला. वहिनी दर नोटेला मनात वजाबाकी करत होती. ड्रॉवरमध्ये दहा-बारा नोटा उरल्या, तेव्हा तिने सासूबाईंना वाण्याकडे धाडलं.

"त्याला म्हणा, गल्ल्यात आलंय ते आत्ताच भरा. संध्याकाळची वाट बघू नका."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर तिथेच बसून राहा."

"ते मला जमतं," सासूबाई म्हणाल्या आणि निघाल्या.

मधल्या वेळात वहिनीने एकीला मुद्दाम दोनदा पिन टाकायला लावला, रेंज गेली म्हणाली, पाणी प्यायला उठली. शेवटच्या दोन नोटा राहिल्या होत्या. तेवढ्यात वाणी डोक्याला हात लावून आला, मागे सासूबाई.

"वहिनी, तुमच्या सासूने माझ्या पोत्यावर ठाण मांडलं. गिऱ्हाईक साखर मागतंय, ह्या उठेनात. घ्या बाई, भरा एकदाचं."

त्याच्या गठ्ठ्यात वरून तिसरी नोट मिशावाली होती.

त्यानंतर कोंबडीवाला आला, मग चपलांच्या दुकानातली बाई. नोटा खिडकीतून जात, बाजार फिरून खिडकीत येत. मिशावाली नोट वहिनीने त्या दिवशी आणखी दोनदा पाहिली. दर वेळी तिला जरा श्वास घेता आला. दुपारी ज्या बाया उरलेले काढायला परत आल्या, त्यांची फी तिने ठरल्याप्रमाणे नाण्यांत मोजून दिली.

दिवस कलता मुकादम खिडकीशी आला. पिशवी चपटी झाली होती.

"काढायचेत," तो म्हणाला. "सगळे."

रांगेत आता तो एकटाच होता. बस थांब्याच्या बाकावर मात्र मावशी आणि चारपाच बाया बसल्या होत्या आणि बसकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"ओळखपत्र?" वहिनीने विचारलं. "एवढ्या रकमेला लागतं."

"मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखते. पाकिटाची कंपनी ओळखत नाही."

त्याने कार्ड आपटलं, नंबर टाकला, पिन टाकला. वहिनीने ड्रॉवर उघडला. पुरत होते, जेमतेम. हे दिले की उद्या सकाळी पुन्हा तळ. पूल अजून बंदच होता. पण तोही गिऱ्हाईकच होता, आणि त्याला रिकाम्या हाताने पाठवलं असतं तर बाकावरच्या बायांनी ते पाहिलं असतं. तिने नोटा मोजून गठ्ठा केला आणि त्यावर हात ठेवला.

"दे," मुकादम म्हणाला. त्याने फोन जाळीला टेकवला. "हा बघ मेसेज. माझे कापले गेले."

"माझ्याकडे आला नाही."

"इथे आलाय ना!"

"तो तुमचा. माझा यायचाय."

"आणि नाही आला तर?"

"तर पाकिटाच्या कंपनीला फोन लावू. तोवर हे इथेच."

मुकादमाने बाकाकडे वळून पाहिलं. रेंजच्या दांड्या एकावर येऊन पुन्हा गेल्या. सकाळपासून वहिनीने जसं फोनकडे पाहिलं होतं, तसंच आता तोही तिच्या फोनकडे पाहू लागला, जाळीला कपाळ टेकवून.

"थांबा हं," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या. "बघायला भाडं नाही."

फोन वाजला. वहिनीने मेसेज वाचला, आकडा दोनदा पडताळला आणि गठ्ठ्यावरचा हात उचलला.