तळ्याकाठच्या सजावटीचं कोटेशन

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात, असं म्हणतात. खोल्या मात्र पत्र पाठवूनच अडवाव्या लागतात.

वेडिंग प्लॅनरने नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केल्यावरचं हे पहिलंच लग्न. नवरीची आई निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्याच भेटीत तिने बजावलं होतं, "मी चूक एकदाच बघते. नंतर दुसरी प्लॅनर बघते."

म्हणून हॉटेलांना पाठवायचं पत्र प्लॅनरने चारदा वाचलं. पाहुणे एकशे ऐंशी. दोन रात्री चाळीस खोल्या, न लागणाऱ्या तीन आठवडे आधी परत करायची मुभा. नाश्ता आणि दोन जेवणं, दर ताटामागे. सजावट हॉलची आणि तळ्याकाठच्या हिरवळीची. पत्र दोन हॉटेलांना गेलं. तळं त्यातल्या एकालाच होतं.

तळं नसलेल्या हॉटेलचं कोटेशन दुसऱ्याच दिवशी हजर. प्लॅनरने आनंदाच्या भरात ते न वाचताच मुख्याध्यापिका बाईंना पाठवलं. मग वाचलं. कलम सात: 'तळ्याकाठची सजावट, तरंगत्या दिव्यांसह.' पुढे दरही होता. तोवर बाईंचा निरोप आला: 'उद्या दहाला बघायला जाऊ. तळं आवडलं.'

दहाला बाई, नवरी आणि प्लॅनर हॉटेलच्या मागच्या दारात उभ्या होत्या. समोर गाड्या लावायची जागा होती.

"तळं कुठाय?" बाईंनी विचारलं.

"पत्रात होतं, म्हणून दर दिला मॅडम," टाय सावरत सेल्स मॅनेजर म्हणाला. "आमच्याकडे गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत नाही."

"म्हणजे तळं नाही?"

"सध्या नाही."

प्लॅनर पुढे झाली. "बाई, चूक माझी. दोन्ही हॉटेलांना एकच पत्र पाठवलं. तळं खोडायचं राहिलं."

बाईंनी फाइल मिटली. पहिलं लग्न हातचं गेलं, असं प्लॅनरने मनात लिहूनही टाकलं.

"आई, बरंच झालं की," नवरी म्हणाली. "पाणी दिसलं की मोठा मामा पोहायला उतरतो. ताईच्या लग्नात सुटासकट उतरला होता."

"बुटांसकटही," बाईंनी दुरुस्ती केली. भाऊ त्यांचाच होता. त्यांनी फाइल पुन्हा उघडली. "कलम सात खोडा. बाकी ठीक आहे."

"हवं तर छोटंसं कृत्रिम तळं..." मॅनेजर.

"खबरदार!"

प्लॅनरने कलम सातवर रेघ मारली. बाई तिच्याकडे वळल्या. "चूक कबूल केलीत, त्याचे अर्धे गुण. कामाला लागा."

लग्न झकास झालं. मामा कोरडे राहिले.

तळं असलेल्या हॉटेलचं कोटेशन लग्नानंतर नऊ दिवसांनी आलं. त्यात तळ्याचा उल्लेख नव्हता.