सरांची भरगच्च दुपार

सत्राच्या तिसऱ्या आठवड्यातील गुरुवारी, दुपारी दोन वाजता, विद्यापीठाच्या इतिहास विभागात मार्गदर्शकांच्या बंद दाराबाहेर विद्यार्थी दाटीवाटीने बसले होते आणि दाराआड मार्गदर्शक एकटेच बसले होते. 'आगाऊ वेळ घेतल्याविना भेट नाही' हा नियम सरांचाच. वेळ घेण्याचे ऑनलाइन पान मात्र दोन आठवडे एकच पाढा म्हणत होते : वेळ उपलब्ध नाही.

प्रबंधाचा विषय पाचच्या आत सरांच्या सहीनिशी कचेरीत गेला नाही, तर घाईताईचे अख्खे सत्र बुडणार होते. सारा विभाग तिला याच नावाने ओळखे. तिचा पाय एका जागी ठरेना.

इतक्यात दार उघडून सर बाहेर आले. एकही विद्यार्थी वेळ मागत नाही, म्हणजे तुम्ही सारे सर्वज्ञ झालात काय, असे त्यांनी विचारले.

"सर, उंबराचं फूल सापडेल, तुमची वेळ नाही," घाईताई म्हणाली.

सरांनी पुरावा म्हणून आपले फोनवरचे कॅलेंडर पुढे केले. दर गुरुवारी दोन ते चार, 'विद्यार्थ्यांसाठी राखीव', स्वहस्ते लिहिलेले. तिने नोंद उघडली. खाली शिक्का होता : व्यग्र.

"सर, पान वेळ दाखवण्याआधी हे कॅलेंडर बघतं. इथं तुम्ही कामात दिसता, म्हणून ते सगळ्या वेळा झाकतं."

"म्हणजे मी तुमचा वेळ तुमच्यापासूनच राखला?"

'राखीव' म्हणजे 'व्यग्र' नव्हे, हा मुद्दा सरांनी साधार मांडला आणि वाद घालता घालताच शिक्का 'मोकळे' असा केला. तत्क्षणी पान फुलले. बाकांवर बोटांची झुंबड उडाली. घाईताई सरांच्या मुद्द्यांवर सौजन्याने मान डोलावत राहिली, तोवर उरलेल्या दुपारच्या साऱ्या वेळा फस्त.

सर नियमाला चिकटून राहिले. ती वळली ती थेट निवांतरावाकडे. हा तिचा वर्गमित्र. सगळे घेतायत म्हणून त्यानेही शेवटची वेळ पटकावली होती. पुढच्या गुरुवारी जायला त्याची ना नव्हती. तो 'रद्द करा' दाबणार, तोच तिने त्याचे मनगट धरले.

"अरे शहाण्या, रद्द केलीस तर तू लटकशील. 'वेळ बदला' दाब, पुढची निवड. ती पक्की झाली की ही आपोआप सुटेल. पण आधी माझं पान उघडू दे, नाहीतर कुणीतरी झडप घालेल."

बाकावरचे दोघे खरोखरच टपून होते. सर चष्मा सरसावून पंचाच्या थाटात उभे राहिले. निवांतरावाने आयुष्यात प्रथमच काही झटक्यात केले. घाईताईच्या पडद्यावर वेळ उगवली, तिने टिपली आणि तिचे नाव झळकले. बाकांवर हशा पिकला. टपलेल्यांपैकी एकाने तर टाळ्याच वाजवल्या.

तिची पाळी आली तेव्हा सरांनी विषयाचे टिपण दोनदा वाचले, एक स्वल्पविराम खोडला आणि सही केली.

"विषय मंजूर. शीर्षक मात्र निम्मं कर."